सेक्टचं डिनॉमिनेशन कसं होतं: इंग्लंडमधल्या मेथडिझमचं प्रकरण

मार्च 1743 मध्ये मेथडिझम या ख्रिस्ती चळवळीचा संस्थापक असलेल्या जॉन वेस्ली या अँग्लिकन पाद्र्याने न्यूकॅसलमधल्या आपल्या मंडळीतून किती जणांना काढून टाकलं आणि कशासाठी, याचा हिशेब रोजनिशीत लिहून ठेवला. काढलेले एकूण 64. शिवीगाळ करणारे दोन, रविवारचा विश्राम सतत मोडणारे दोन, दारू पिणारे सतरा, दारू विकणारे दोन, भांडखोर तीन, बायकोला मारणारा एक, जाणूनबुजून खोटं बोलणारे तीन, निंदानालस्ती करणारे चार, आळशी एक. उरलेल्या 29 जणांचा गुन्हा एवढाच होता, की ते थिल्लर आणि बेफिकीर वागत.

समाजशास्त्राच्या पेपरात चर्च, डिनॉमिनेशन, सेक्ट आणि कल्ट या धार्मिक संघटनांच्या चार प्रकारांवर प्रश्न आला की बहुतेक विद्यार्थी चार व्याख्या लिहितात आणि प्रत्येकीखाली एकेक नाव टाकून मोकळे होतात. त्या जागी ही 64 जणांची यादी समोर ठेवावी असं मला वाटतं. बेफिकीरपणाबद्दल सभासदाला काढून टाकणारी धार्मिक संघटना नेमकी कोणत्या प्रकारची? आणि तीच संघटना दीडशे वर्षांनी असं कुणाला काढेनाशी होते, तेव्हा तिचं काय झालेलं असतं? हे वर्गीकरण म्हणजे संघटनांवर कायमच्या डकवायच्या पाट्या नव्हेत. एखादी संघटना एका विशिष्ट काळात भोवतालच्या समाजाशी कसं नातं ठेवून उभी आहे, हे त्यातून मोजायचं असतं. मेथडिझमच्या प्रकरणात एकाच चळवळीच्या आयुष्यात हे नातं बदलताना दिसतं, म्हणून उत्तरासाठी हे उदाहरण फार उपयोगाचं आहे.

आधी ज्या चर्चच्या पोटात ही चळवळ जन्मली ते चर्च पाहू. अठराव्या शतकातलं चर्च ऑफ इंग्लंड, म्हणजेच अँग्लिकन चर्च, हे ‘चर्च’ या प्रकाराचं पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. राजा त्याचा प्रमुख, बिशप हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसणारे, आणि सगळा देश पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, वाटलेला. त्यात प्रवेश मिळवावा लागत नसे. पॅरिशमध्ये मूल जन्मलं की त्याचा बाप्तिस्मा व्हायचा आणि ते चर्चचं होऊन जायचं. 1753 च्या विवाह कायद्यानंतर तर क्वेकर आणि ज्यू सोडून इतर सगळ्यांना कायदेशीर लग्नासाठी पॅरिश चर्चमध्येच जावं लागे. ही अट 1836 च्या कायद्याने सैल झाली. सरकारी पदांसाठी अँग्लिकन असल्याची कसोटी 1828 पर्यंत कायद्यात होती. 1689 च्या सहिष्णुता कायद्याने बाप्टिस्टांसारख्या इतर प्रोटेस्टंटांना उपासनेची मोकळीक दिली खरी, पण बरोबरीचं स्थान दिलं नव्हतं.

अर्न्स्ट ट्रोल्च या जर्मन अभ्यासकाने 1912 मध्ये मॅक्स वेबरचा धागा पकडून चर्चचं जे चित्र रेखाटलं ते असंच आहे: सगळ्या समाजाला कवेत घेऊ पाहणारं, राज्यसत्तेशी आणि वरच्या वर्गांशी जुळवून घेतलेलं, पुरोहितांच्या उतरंडीवर उभं असलेलं आणि मोक्षाचं साधन आपल्याच संस्कारांत आहे असं मानणारं. अशा चर्चमध्ये संत आणि पापी एकत्र नांदतात. बेफिकीर माणसाला काढायचा विचार चर्च करूच शकत नाही, कारण मग निम्मं गाव बाहेर जाईल.

वेस्ली याच चर्चचा होता. जन्म 1703 चा, वडील एपवर्थ गावचे अँग्लिकन पाद्री, शिक्षण ऑक्सफर्डला. तिथे तो आणि त्याचे काही सोबती ठरलेल्या वेळी प्रार्थना, उपवास आणि तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी असा कडक दिनक्रम पाळत, म्हणून इतरांनी थट्टेने त्यांना ‘मेथडिस्ट’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. 24 मे 1738 रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत त्याला आपल्या पापांची क्षमा झाल्याची खात्री वाटली. पुढच्या वर्षी, ऑक्सफर्डचा सोबती जॉर्ज व्हाइटफील्ड याच्या पाठोपाठ, त्याने ब्रिस्टलजवळ उघड्यावर प्रवचनं द्यायला सुरुवात केली. ऐकणारे होते किंग्जवुडचे खाणकामगार. पॅरिशच्या रचनेत ही माणसं जवळजवळ हिशेबातच नव्हती. वाढती औद्योगिक वस्ती आणि जुन्या शेतकरी इंग्लंडसाठी आखलेल्या पॅरिश यांचा मेळ सुटला होता, आणि मेथडिझम वाढला तो या मोकळ्या जागेत. सेक्ट कुठे उगवतो, याचं समाजशास्त्रीय उत्तर इथे सापडतं: चर्च ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही आणि ज्यांना प्रतिष्ठा देत नाही, त्यांच्यात.

आता या चळवळीचं खरं यंत्र पाहू. ते म्हणजे ‘क्लास’. त्याची सुरुवात अगदी व्यवहारी कारणातून झाली. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. एका सभासदाने सुचवलं, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. त्यावर कुणीतरी म्हणालं, अनेकांना तेवढंही परवडत नाही. तेव्हा सुचवणाऱ्या सभासदाने अकरा जण आपल्याकडे सोपवायला सांगितलं. दर आठवड्याला तो त्यांच्याकडे जाणार, जे देतील त्यांच्याकडून घेणार आणि कमी पडेल ते स्वतः भरणार. बारा-बारा जणांचे गट पडले. वसुलीला घरोघर जाणाऱ्या प्रमुखांना कोण दारू पितो, कोण घरात भांडतो हे दिसू लागलं आणि वेस्लीच्या लक्षात आलं, की आपल्याला हवी होती ती देखरेख हीच. लवकरच हे गट आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले. प्रमुख प्रत्येकाला विचारायचा: या आठवड्यात तुझ्या आत्म्याची स्थिती काय होती, कुठे घसरलास, कुठे सावरलास? गटाचं प्रमुखपद लोहाराकडे, विणकराकडे असू शके, बाईकडेही असे.

दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची तपासणी होऊन सभासदत्वाचं तिकीट नव्याने मिळे. तिकीट नसेल तर मंडळीच्या खास सभांना येता येत नसे. म्हणजे कुणी कायमचा मेथडिस्ट नव्हता. तो या तिमाहीचा मेथडिस्ट होता. आत येण्याची अट मात्र साधी होती: येणाऱ्या ईश्वरी कोपापासून सुटण्याची इच्छा. पण ती इच्छा वागण्यातून दिसली पाहिजे, असं 1743 च्या नियमांत लिहिलेलं होतं. न्यूकॅसलची यादी याच वर्षाची.

सेक्टच्या खुणा एकामागोमाग एक दिसू लागतात. सभासदत्व जन्माने येत नाही, स्वेच्छेने येतं आणि वागणुकीने टिकवावं लागतं. पुरोहित आणि सामान्य जन यांतलं अंतर पुसट होतं; बहुतेक प्रवचनकार कामकरी माणसं असतात. शिस्त सभासदच एकमेकांना लावतात. भोवतालच्या जगाचे साधे विरंगुळेही, म्हणजे दारू, जुगार, नाच, संशयाने पाहिले जातात. आणि भोवतालचं जगही परतफेड करतं. 1740 च्या दशकात मेथडिस्ट प्रवचनकारांवर जमाव दगडफेक करीत, त्यांची घरं फोडीत. 1742 मध्ये एपवर्थच्या चर्चमध्ये वेस्लीला बोलू दिलं नाही, तेव्हा तो बाहेरच्या दफनभूमीत वडिलांच्या थडग्यावर उभा राहून बोलला.

तरीही या काळातल्या मेथडिझमवर निखळ ‘सेक्ट’ असा शिक्का मारणं चुकीचं ठरेल, आणि याच ठिकाणी चांगलं उत्तर सामान्य उत्तरापासून वेगळं होतं. वेस्ली मरेपर्यंत स्वतःला अँग्लिकन म्हणवत राहिला. आपल्या सभा पॅरिश चर्चच्या उपासनेच्या वेळी होऊ नयेत असा त्याचा आग्रह होता. पवित्र भोजनाचा संस्कार चर्चमध्ये जाऊन घ्या, असं तो सभासदांना सांगे. वागणुकीच्या शिस्तीत सेक्ट, पण मोक्ष फक्त आपल्याकडेच आहे असा दावा नाही. त्याच्या मंडळीत येण्यासाठी कुणाला आपलं चर्च सोडावं लागत नव्हतं.

इथे समाजशास्त्रज्ञ रॉय वॉलिस यांची मांडणी हाताशी असावी. त्यांनी फक्त दोन प्रश्न विचारले. बाहेरचा समाज या संघटनेला प्रतिष्ठित मानतो की वाकड्या वाटेची? आणि संघटना स्वतः काय मानते: सत्य फक्त आमच्याकडे, की इतरांकडेही असू शकतं? चर्च प्रतिष्ठित असतं आणि सत्य आपल्याकडेच आहे असं मानतं. डिनॉमिनेशन प्रतिष्ठित असतं, पण इतरांचीही वाट मान्य करतं. सेक्ट समाजाच्या नजरेत वाकडा असतो आणि सत्यावर एकट्याचा हक्क सांगतो. कल्ट समाजाच्या नजरेत वाकडाच, पण त्याचा असा एकट्याचा दावा नसतो. या चौकटीत 1743 चा मेथडिझम ठेवला तर तो पहिल्या प्रश्नात सेक्टसारखा आणि दुसऱ्या प्रश्नात डिनॉमिनेशनसारखा निघतो. त्याच्या पुढच्या वाटचालीचं बीज या दुसऱ्या उत्तरात आहे.

कल्टबद्दल थोडं थांबायला हवं, कारण वर्तमानपत्रांनी या प्रकाराचा अर्थ पार बदलून टाकला आहे. 1978 मध्ये गयानातल्या जोन्सटाउनला नऊशेहून अधिक माणसं मेली, तेव्हापासून कल्ट म्हणजे माणसांना बंदिस्त करणारा धोकादायक गट, असं समीकरण बसलं. त्या गटाचा नेता जिम जोन्स हा मुळात एका प्रतिष्ठित अमेरिकी डिनॉमिनेशनचा दीक्षित पाद्री होता आणि त्याची मंडळीही त्या डिनॉमिनेशनशी संलग्न होती. धोका आणि प्रकार या वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरूनच कळावं. समाजशास्त्रात हॉवर्ड बेकर यांनी 1932 मध्ये कल्ट हा प्रकार मांडला तो सैल, व्यक्तिकेंद्री, फारशी सीमारेषा नसलेल्या गटासाठी. पुढे स्टार्क आणि बेनब्रिज यांनी दुसरी कसोटी दिली: सेक्ट जुन्या परंपरेतून फुटतो आणि ‘आम्ही मूळ शुद्ध रूपाकडे परत जातोय’ असं म्हणतो, कल्ट त्या समाजाला नवी असलेली परंपरा आणतो किंवा निर्माण करतो. मेथडिझम दोन्ही कसोट्यांवर कल्ट नाही. त्याचं बायबल तेच होतं, तत्त्वंही अँग्लिकनच. आणि सीमारेषा तर तिकिटाइतकी स्पष्ट होती.

उलट उदाहरण हवं तर थिऑसॉफिकल सोसायटीचं देता येईल. 1875 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापना, आणि 1879 मध्ये ब्लाव्हाट्स्की व ऑल्कॉट मुंबईत आले. 1882 मध्ये अड्यारला जाईपर्यंत मुंबई हे त्यांचं केंद्र होतं. हिंदू, पारशी, ख्रिस्ती कुणीही आपला धर्म न सोडता सभासद होऊ शके. पाश्चात्त्य समाजासाठी कल्पना नव्या, आणि सत्य एकाच वाटेने मिळतं असा दावा नाही. वॉलिस यांच्या चौकटीत ही संघटना बेकर यांना अभिप्रेत असलेल्या कल्टच्या जवळ बसते, आणि त्यात तिची निंदा अजिबात नाही.

आता मुख्य धागा. रिचर्ड निबूर या अमेरिकी धर्मशास्त्रज्ञाने 1929 मध्ये म्हटलं, की सेक्ट हा प्रकार एका पिढीपुरताच टिकतो. पहिल्या पिढीने स्वतः निवड केलेली असते; त्यांच्या मुलांनी केलेली नसते. मुलं सेक्टमध्येच जन्मतात, म्हणजे चर्चमध्ये जन्मावं तशी. त्यांच्यासाठी शाळा काढाव्या लागतात, प्रशिक्षित पाद्री नेमावे लागतात. दुसरं कारण पैशाचं. दारू सोडलेला, वेळेवर कामाला जाणारा, काटकसरीने राहणारा माणूस दहा-वीस वर्षांत थोडा वर सरकतो. वेस्लीला हे म्हातारपणी स्पष्ट दिसलं होतं. 1786 मध्ये त्याने लिहिलं, की मेथडिस्ट जिथे जातात तिथे उद्योगी आणि काटकसरी होतात, त्यामुळे त्यांची संपत्ती वाढते, आणि संपत्तीबरोबर गर्व आणि जगाची ओढही. वेबरने प्रोटेस्टंट नीती आणि भांडवलशाही यांच्या विवेचनात हा उतारा मुद्दाम वापरला. संस्थापकाने आपल्याच चळवळीच्या ओसरण्याचं कारण इतक्या नेमकेपणाने सांगितल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

संघटनेतले बदल तारखांनिशी दाखवता येतात. 1784 मध्ये वेस्लीने शंभर प्रवचनकारांची नावं एका कायदेशीर दस्तऐवजात नोंदवली; त्याच्यानंतर सत्ता या परिषदेकडे जाणार होती. सत्ता एका माणसाच्या प्रभावाकडून नियमबद्ध संस्थेकडे जाणं, हा वेबरच्या भाषेत करिष्म्याचा नित्यक्रम झाला. त्याच वर्षी त्याने स्वतः अमेरिकेसाठी धर्मसेवकांना दीक्षा दिली. हा अधिकार बिशपचा असल्याने इथून चर्च ऑफ इंग्लंडपासूनची फारकत जवळजवळ अटळ झाली. 1791 मध्ये वेस्ली वारला तेव्हा ब्रिटनमध्ये सुमारे 70 हजार सभासद होते. 1795 मध्ये परिषदेने ठरवलं, की स्थानिक मंडळीतल्या जबाबदार लोकांचं बहुमत असेल आणि परिषदेची परवानगी मिळेल तिथे मेथडिस्ट सभागृहातच पवित्र भोजन देता येईल. म्हणजे आता संस्कारांसाठी पॅरिश चर्चकडे जायची गरज उरली नाही. 1834 मध्ये लंडनला पाद्र्यांच्या प्रशिक्षणाची संस्था सुरू झाली.

आणि मग, निबूरच्या मांडणीनुसार व्हायला हवं तेच झालं. 31 मे 1807 रोजी चेशर आणि स्टॅफर्डशरच्या सीमेवरच्या मो कॉप या टेकडीवर ह्यू बोर्न या सुताराने आणि त्याच्या सोबत्यांनी दिवसभर उघड्यावर प्रार्थनासभा घेतली. वेस्लीने साठ-सत्तर वर्षांपूर्वी जे केलं तेच. पण आता वेस्लीच्याच परिषदेने अशा सभा अनुचित ठरवल्या. फ्रान्सशी युद्ध चालू होतं, सरकारला कामकऱ्यांच्या जमावांची भीती होती, आणि परिषदेला आपली प्रतिष्ठा जपायची होती. 1808 मध्ये बोर्नला काढलं. विल्यम क्लोज या कुंभारकाम करणाऱ्या प्रवचनकाराचं तिकीट 1810 मध्ये रोखलं गेलं. 1811 मध्ये या लोकांनी स्वतःची तिकिटं छापली, आणि 1812 मध्ये नाव घेतलं ‘प्रिमिटिव्ह मेथडिस्ट’, म्हणजे मूळचे मेथडिस्ट. 1803 मध्ये मुख्य परिषदेने स्त्रियांच्या प्रवचनांवर कडक बंधनं आणली होती. प्रिमिटिव्ह मेथडिस्टांनी स्त्री प्रवचनकार पाठवले. म्हणजे मूळ चळवळ डिनॉमिनेशन होत असताना, मागे पडलेल्या गरिबांतून नवा सेक्ट फुटला. पुढे विल्यम बूथ हा मेथडिझमच्याच एका शाखेचा पाद्री 1861 मध्ये बाहेर पडला, 1865 मध्ये पूर्व लंडनच्या झोपडपट्ट्यांत काम सुरू केलं आणि 1878 मध्ये त्याला नाव दिलं साल्व्हेशन आर्मी. तेच चक्र पुन्हा.

प्रिमिटिव्ह मेथडिस्टांचंही शेवटी तेच झालं. त्यांच्या दगडी इमारती उभ्या राहिल्या, त्यांचेही पाद्री प्रशिक्षित झाले. 1932 मध्ये वेस्लियन म्हणजे मूळ परिषदेची शाखा, प्रिमिटिव्ह आणि युनायटेड या तीन शाखा एक झाल्या. क्लासच्या बैठका एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओस पडत गेल्या होत्या. आत्म्याची स्थिती बारा जणांसमोर सांगणं मध्यमवर्गीयांना अवघड वाटू लागलं. 1912 मध्ये लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीच्या समोर मेथडिस्टांचं भव्य सेंट्रल हॉल उघडलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची पहिली बैठक जानेवारी 1946 मध्ये तिथेच भरली. दगड खाणाऱ्यांच्या वारसदारांची ही प्रतिष्ठा. डिनॉमिनेशन म्हणजे काय हे यातून सांगता येतं: अनेकांपैकी एक, समाजात मान असलेलं, राज्याशी जोडलेलं नाही पण त्याच्याशी भांडणही नाही, इतर चर्चना बंधू मानणारं.

निबूरचं म्हणणं मात्र नियमासारखं लिहू नये. परीक्षक इथे हमखास अडवतात. ब्रायन विल्सन यांनी 1959 मध्ये दाखवलं, की प्रत्येक सेक्टचं डिनॉमिनेशन होत नाही. जगाला बदलून आपल्यात आणू पाहणारे, म्हणजे मतपरिवर्तनावर भर देणारे सेक्ट लवकर बदलतात, कारण त्यांना सारखं बाहेरच्यांना आत घ्यावं लागतं आणि आत येणारे आपलं जग बरोबर आणतात. मेथडिझम या जातीचा होता. जगापासून तोंड फिरवून राहणारे, किंवा जगाचा अंत जवळ आहे असं मानणारे, पिढ्यान्‌पिढ्या सेक्टच राहू शकतात. पेनसिल्व्हेनियातल्या आमिश लोकांनी पोशाख, वाहनं, शिक्षण आणि लग्न यांच्या भिंती बांधल्या आणि दुसऱ्या पिढीचा प्रश्न त्या भिंतींनी सोडवला. यहोवाज विटनेसेस मतपरिवर्तन करतात, पण प्रत्येक सभासदाला दारोदार प्रचाराला पाठवून आणि राष्ट्रध्वजाला वंदन, सैन्यसेवा नाकारून समाजाशी ताण जिवंत ठेवतात. विचारायचं ते हे: दुसऱ्या पिढीला वेगळं ठेवण्याची यंत्रणा संघटनेकडे आहे का? मेथडिस्टांकडे क्लास ही यंत्रणा होती, आणि ती ढिली पडली तसा सेक्टपणा ओसरला.

धर्माच्या सामाजिक कार्यांचा भाग विद्यार्थी बहुधा वेगळ्या परिच्छेदात, या वर्गीकरणाशी संबंध न जोडता लिहितात. मला हे तोडणं चुकीचं वाटतं, कारण संघटनेचा प्रकार बदलला की तिचं कार्यही बदलतं. डर्कहाइमच्या मते धर्म श्रद्धा आणि आचारांतून माणसांना एका नैतिक समुदायात बांधतो. (त्या समुदायाला तो ‘चर्च’ म्हणतो, पण त्याच्या त्या चर्चमध्ये सेक्टही येतो, ट्रोल्चच्या चर्चशी त्याची गल्लत करू नये.) पॅरिश चर्च सगळ्या गावाला बांधायचं, आणि जमीनदार पुढच्या बाकावर, मजूर मागे, अशी गावाची उतरंडही पवित्र करून टाकायचं. क्लास मात्र बारा माणसांना बांधायचा. गाव सोडून खाणीच्या वस्तीत आलेल्या, नातलग मागे राहिलेल्या माणसाला क्लासमध्ये त्याच्या आजारपणाची, कर्जाची, मुलाच्या मृत्यूची विचारपूस करणारं कुणीतरी भेटे. खाणीत रोज मृत्यूशी गाठ असणाऱ्यांना मोक्षाची खात्री काय देत असेल, हे धर्म अनिश्चिततेतली चिंता हलकी करतो या मालिनोव्स्कीच्या मुद्द्याला जोडून लिहिता येतं.

नियंत्रणाचं कार्य तर न्यूकॅसलच्या यादीतच आहे. पण नियंत्रण कुणाच्या फायद्याचं? ई. पी. थॉम्पसन या मार्क्सवादी इतिहासकाराने 1963 मध्ये मांडलं, की मेथडिझमने कामगाराच्या मनातच मुकादम बसवला. वेळ पाळणारा, निर्व्यसनी, आज्ञाधारक मजूर गिरणीमालकाला हवाच होता. मार्क्सच्या अफूच्या रूपकापेक्षा हा युक्तिवाद जास्त नेमका आहे, कारण तो यंत्रणा दाखवतो. फ्रेंच इतिहासकार एली हालेव्ही यांचं म्हणणं होतं, की इंग्लंडमध्ये फ्रान्ससारखी क्रांती झाली नाही याचं श्रेय बरंचसं मेथडिझमकडे जातं. हे प्रसिद्ध विधान उत्तरात जरूर लिहावं, पण त्यावरचा आक्षेपही लिहावा. 1791 मध्ये 70 हजार सभासद, आणि इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या 80 लाखांच्या वर. सभासद एक टक्काही भरत नाहीत. सभांना येणारे याहून जास्त असतील, तरी एवढ्या गटाने क्रांती थोपवली म्हणणं जड जातं. शिवाय एरिक हॉब्सबॉम यांनी दाखवून दिलं, की मेथडिझम आणि जहाल राजकारण अनेक ठिकाणी एकाच वेळी वाढत होते.

आणि इथे मर्टनची अप्रकट कार्याची कल्पना अगदी जिवंत होते. मेथडिझमचा हेतू आत्म्यांचा उद्धार. पण साप्ताहिक बैठक, वर्गणीची वही, पाळीपाळीने बोलणं, बाहेरगावच्या मंडळींशी पत्रव्यवहार, शंभर जणांसमोर उभं राहून भाषण करणं, हे सगळं शेतमजूर आणि खाणकामगार तिथे शिकले. 1834 मध्ये डॉर्सेटमधल्या टोलपडल गावच्या सहा शेतमजुरांना, मजुरी वाढवून घेण्यासाठी संघटना करताना गुप्त शपथ घेतली म्हणून, सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियाला पाठवलं. त्यांतले पाच मेथडिस्ट होते आणि त्यांचा म्होरक्या जॉर्ज लव्हलेस मेथडिस्ट प्रवचनकार. मोठ्या जनक्षोभानंतर 1836 मध्ये त्यांना माफी मिळाली. 1872 मध्ये शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी करणारा जोसेफ आर्च प्रिमिटिव्ह मेथडिस्ट प्रवचनकार होता. पुढे तो खासदार झाला. प्रतिष्ठेकडे सरकलेली वेस्लियन परिषद राजनिष्ठा शिकवत होती त्याच शतकात ही माणसं घडली. स्थितीचं रक्षण आणि स्थितीला आव्हान ही दोन्ही कार्यं एकाच परंपरेत होती, आणि ती मुख्यतः वेगवेगळ्या प्रकारच्या शाखांत वाटली गेली होती.

वीस गुणांच्या उत्तरात हे सगळं मावणार नाही. प्रश्न ‘सेक्ट हा डिनॉमिनेशनकडे जाणारा टप्पा आहे, चर्चा करा’ असा असेल, तर मी वॉलिस यांचे दोन प्रश्न चार ओळींत मांडून लगेच 1743, 1795, 1807 आणि 1932 या चार टप्प्यांवर मेथडिझम कुठे उभा होता ते लिहीन, मग विल्सन यांचा आक्षेप आणि आमिश. प्रश्न कार्यांचा असेल, तर तारखा दोनवर आणून क्लास आणि टोलपडल यांना जागा देईन. श्रेय कुणाचं ते मात्र दोन्हीकडे बरोबर हवं: ट्रोल्चने चर्च, सेक्ट आणि गूढवाद मांडला, डिनॉमिनेशनची चर्चा निबूरने आणली, कल्ट बेकरने. चारही प्रकार ट्रोल्चच्या नावावर टाकणं ही सर्वाधिक दिसणारी चूक आहे.

भारताचा उल्लेख करताना हे वर्गीकरण ताणून बसवू नये. हिंदू धर्मात सगळ्या समाजाला सभासद करून घेणारी, एकच पुरोहित-उतरंड असलेली संघटनाच नाही; मग सेक्ट फुटणार कशातून? तुळशीची माळ घातलेला वारकरी मांसाहार आणि दारू सोडतो, एकादशी करतो, वारी चुकवत नाही, पण घरचा कुळाचार आणि जेजुरीचा खंडोबा सोडत नाही. त्याचं सभासदत्व व्रताचं आहे, सीमारेषेचं नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी उभा केलेला महानुभाव पंथ मात्र सेक्टच्या बराच जवळ जातो: पंचकृष्णांखेरीज इतर देवतांची उपासना नाकारणं, रीतसर दीक्षा, संन्याशांची कडक आचारसंहिता, आणि पुढे ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवून परक्यांपासून जपणं. वॉलिस यांचा दुसरा प्रश्न इथे चांगला लागू पडतो, ट्रोल्चची चर्चची कल्पना लागू पडत नाही. उत्तरात एवढं लिहिलं तरी पुरतं.

मेथडिझमचा खुद्द महाराष्ट्राशी आलेला संबंधही या वर्गीकरणात नीट बसतो. अमेरिकी प्रचारक विल्यम टेलर यांनी 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत क्लासच्याच धर्तीवर गट बांधले. 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट यांच्याबरोबर ब्रिटिश मेथडिस्ट मंडळ्याही त्यात विलीन झाल्या. अमेरिकी परंपरेतल्या मेथडिस्टांनी मात्र शेवटच्या टप्प्यात माघार घेतली आणि 1981 पासून ते मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र आहेत. वेगळं राहायचं की एक व्हायचं, यावर त्या वेळी समित्या बसल्या, मतदान झालं, पण ‘तुमच्याकडे मोक्ष नाही’ अशा कारणावर ती चर्चा मोडली नाही. डिनॉमिनेशन वेगळं राहतं तेही असं.